सूत "निघालंय" म्हणणाऱ्याकडून तारीख लेखी कशी घ्यायची

(सोलापुरातल्या टॉवेल-चादर कारखानदारांच्या बैठकीतलं बोलणं, थोडं आवरून लिहिलेलं)

आज सगळं एकाच केसवर बोलतो, कारण इथं बसलेल्या निम्म्या लोकांच्या कारखान्यात हीच केस आत्ता चालू असणार. २ तारखेला २/२० च्या सुताची ६,००० किलोची ऑर्डर दिली, लेखी दिली, १० तारखेपर्यंत सगळं पोचायचं असं ठरलं. ९ ला २,००० किलो आलं. बाकीच्या ४,००० ला फोन केला की आधी "१२ ला नक्की", मग "१५ ला काय वाट्टेल ते झालं तरी", आणि आज १८ तारीख, आता ऐकू येतंय "गाडी भरतेय शेठ". ही गाडी भरतेय म्हणजे काय हे आजपर्यंत मला कुणी नीट सांगितलेलं नाही. कधी कधी मिलमध्ये ते सूत अजून कोनवर चढलेलं पण नसतं.

आता मेल लिहायचा, बरोबर. पण मेल लिहायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा आणि तारीख उलटी मोजा. समजा हॉटेलवाल्याची ऑर्डर पुढच्या महिन्याच्या १० ला निघायचीय. आपलं सूत आधी रंगाईला जातं, मग वाइंडिंग, ताणा, मग माग, मग शिलाई-पॅकिंग, हे सगळे दिवस मागं मोजत आलात की कळतं की कच्चं सूत २४ ला तरी गोडाऊनला पाहिजे. आणि दुसरी गोष्ट कळते, ती जास्त कामाची. त्या ऑर्डरला ४,००० लागतच नाही, १,५०० किलो लागतं. उरलेलं २,५०० स्टॉकसाठी आहे, ते पाच-दहा दिवस थांबलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. म्हणजे भांडण ४,००० चं नाही, १,५०० चं आहे. जो माणूस सगळ्या मालासाठी एकच आरडाओरडा करतो त्याला पुढचा सगळ्यासाठी एकच गोलमाल उत्तर देतो.

मग इथल्या सूत व्यापाऱ्याला फोन करून विचारा की हेच काउंट मिळेल का, किती दिवसांत. तो म्हणाला दोन दिवसांत, भाव किलोमागं ८ रुपये जास्त. झालं, आता तुमच्या मेलची मुदत आपोआप ठरली. २४ वजा दोन म्हणजे २२. २२ च्या दुपारपर्यंत निकाल लागला नाही तर तुम्ही व्यापाऱ्याला हो म्हणायलाच पाहिजे. बरेच जण मेलमध्ये "ताबडतोब कळवा" लिहितात, त्या ताबडतोबला काही अर्थ नाही, तुमची मुदत दुसरा माल यायला किती दिवस लागतात त्यावरून निघते.

मेल असा, मिल तमिळनाडूची असेल तर इंग्रजीत पाठवा पण मजकूर हाच:

"आमच्या २ तारखेच्या ऑर्डरप्रमाणे ६,००० किलो सूत १० तारखेपर्यंत पोचायचं होतं. २,००० किलो ९ ला मिळालं. बाकीसाठी आपण फोनवर १२ आणि १५ या तारखा दिल्या, माल आलेला नाही. १,५०० किलो २४ पर्यंत आणि २,५०० किलो पुढच्या महिन्याच्या ५ पर्यंत आमच्या सोलापूरच्या गोडाऊनला पोचेल का, हे २० तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत मेलवर कळवावं. १,५०० किलोच्या बिल्टीचा फोटो २२ ला दुपारी १२ पर्यंत पाठवावा. यातलं कुठलंही एक झालं नाही तरी हे १,५०० किलो आम्ही दुसरीकडून घेऊ आणि तेवढं वजन या ऑर्डरमधून कमी झालं असं समजावं. भावातला फरक मागायचा आमचा हक्क राखून ठेवतो."

संपला मेल. यात राग नाही, "वारंवार सांगूनही" नाही, तारखा आणि किलो एवढंच आहे. "पोचेल" हा शब्द मुद्दाम आहे, "पाठवू" नाही. पाठवू म्हणणारा माल मिलच्या गेटबाहेर काढून ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये टाकतो आणि पाठवला म्हणतो. आणि नुसतं "हो, २४ ला देतो" एवढ्यावर थांबू नका, २४ ला आलं नाही तर मग दुसरीकडून घ्यायलाही उशीर झालेला असतो, म्हणून बिल्टीचा फोटो. व्हॉट्सॲपवर अंगठा आला तर ती तारीख धरू नका, त्याला म्हणा हेच मेलवर टाका. जानेवारीत असेल तर अजून एक बघा, आपल्याकडं सिद्धेश्वरांची यात्रा आणि तिकडं पोंगल एकाच वेळी येतं, तेव्हा दोन्हीकडचे लोक सुट्टीवर असतात आणि तारखा मात्र बिनधास्त दिल्या जातात.

पाठवायच्या आधी आपली बाजू पण तपासा हां. मागचं बिल थकलंय का, ठरलेला ॲडव्हान्स गेलाय का, काउंट बदलून मागितला होता का. त्यातलं काही असेल तर पहिलं उत्तर तेच येणार, आणि ते खरं पण असेल.

आता कायद्याचं थोडं. १८७२ चा करार कायदा, कलम ५५. तुम्ही दोन-तीनदा उशीर चालवून घेतला की मूळची १० तारीख ढिली पडते, मग अचानक "उद्या दे नाहीतर रद्द" म्हटलं की ते टिकणं अवघड. पुन्हा वाजवी मुदत देऊन नवी तारीख बांधायला लागते, हा मेल तेच करतो. दुसरं, उशिरा आलेला माल गपचूप उतरवून घेतला की त्या उशिराची नुकसानभरपाई मागता येत नाही, माल घेतानाच तसं कळवलं असेल तरच मागता येते. म्हणजे ५ ची गाडी ९ ला आली तर उतरवा, पण त्याच दिवशी एक ओळ मेल करा की माल चार दिवस उशिरा घेतलाय, उशिराचा हक्क सोडलेला नाही.

भावातला फरक म्हणजे १,५०० गुणिले ८, १२,००० रुपये. तो मिळेलच असं नाही, पण म्हणून स्वतःच बिलातून कापू नका. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योगात नोंदलेला उत्पादक असेल तर त्याचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, उशीर झाला की बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. आधी डेबिट नोट मान्य करून घ्या, मगच कापा.

दुसरीकडून सूत घेताना आपल्या धंद्यातली खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे लॉट. दुसऱ्या मिलचं सूत त्याच रंगात त्याच हांड्यात टाकलं तरी शेड थोडी हलते, आणि एका टॉवेलात दोन लॉट आले की उजेडात पट्टा दिसतो. म्हणून १,५०० किलो असं तोडा की पूर्ण रंग नव्या सुताचे व्हावेत, मरून आणि नेव्ही सगळं नव्यात, पांढरं-क्रीम जुन्यात, अर्धा मरून इकडं अर्धा तिकडं नको. गोडाऊनमध्ये पोत्यांवर खडूनं मोठं लिहा, नाहीतर रात्रपाळीचा पोरगा जवळचं पोतं उचलतोच.

आणि शेवटी हे नक्की होतं. २२ ला दुपारी तुम्ही व्यापाऱ्याला ऑर्डर दिली की संध्याकाळी पहिल्याचा फोन येतो, शेठ गाडी निघाली, सगळा ४,००० किलो. म्हणून व्यापाऱ्याला हो म्हटल्याबरोबर पहिल्याला दुसरा मेल, "१,५०० किलो रद्द, आता शिल्लक फक्त २,५००, त्यापेक्षा जास्त माल आम्हाला विचारल्याशिवाय लोड करू नये." तरी जास्तीची पोती आलीच तर ती ड्रायव्हरसमोर बाजूला ठेवायची, बिल्टीवर "२,५०० किलोच स्वीकारले" लिहून त्याची सही घ्यायची, आणि हमालांना आधीच सांगून ठेवायचं, कारण एकदा पोती फोडली की ती तुमचीच.