झडप उघडते ती हवेसाठी

[दृश्य: छाती आणि पोटाचं रेखाचित्र. अन्ननलिका खाली सरकत मध्यपटलापाशी थांबते.]

अन्ननलिका छातीतून खाली उतरते, मध्यपटलातल्या एका छिद्रातून पोटाच्या पोकळीत शिरते आणि लगेच जठराला मिळते. या सांध्यावर तीन-चार सेंटिमीटरचा एक पट्टा आहे. तिथला गोलाकार स्नायू बाकीच्या नळीसारखा सैल पडून राहत नाही, तो कायम आवळलेला असतो. डॉक्टर त्याला खालचा स्फिंक्टर म्हणतात. आपण झडप म्हणू.

ही झडप लागते कशाला, ते दाबांकडे पाहिलं की कळतं. श्वास आत घेताना छातीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, तर पोटातला दाब थोडा जास्त असतो. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर जठरातला ऐवज वर ओढला जायला हवा. तो जात नाही, कारण निरोगी माणसात झडपेचा दाब जठरातल्या दाबापेक्षा साधारण १० ते ३० मिलिमीटर पारा इतका जास्त असतो. शिवाय मध्यपटलाचे स्नायू याच जागी नळीला बाहेरून वेढा घालून असतात. खोकताना, वाकताना, खोल श्वास घेताना पोटातला दाब एकदम चढतो, नेमका तेव्हाच हा बाहेरचा वेढाही घट्ट होतो. आतला स्नायू आणि बाहेरचा स्नायू, असा दुहेरी बंदोबस्त.

आता छातीत जळजळ होणाऱ्या माणसाला विचारा. तो म्हणेल, ‘माझी झडप सैल झालीय.’ बरेचदा त्याला तसंच सांगितलेलं असतं. डॉक्टरांचाही बराच काळ असाच समज होता.

[दृश्य: दाबाचा आलेख. रेघ सरळ चाललेली, मग अचानक तळाला जाते.]

१९८० साली जॉन डेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या झडपेचा दाब आडवं असताना तासन् तास मोजला आणि त्याच वेळी नळीत आम्ल येतंय का तेही पाहिलं. अडचण अशी होती की गिळताना झडप वर-खाली सरकते आणि दाब मोजणारं साधं छिद्र जागेवरून सुटतं. डेंट यांनी त्यासाठी लांबट, पट्टीसारखा संवेदक वापरला होता. त्यातून दिसलं ते असं: आम्ल वर आलं त्या बहुतेक वेळी आधीचा दाब चांगला होता. झडप ढिली नव्हती. ती काही सेकंदांसाठी पूर्ण उघडली आणि पुन्हा मिटली. त्या वेळी माणसाने घोटही गिळला नव्हता.

घोट गिळला की झडप उघडतेच, पण ती सहा-आठ सेकंदांत मिटते आणि वरून खाली येणारी आकुंचनाची लाट नळी साफ करत जाते. हे दुसरं उघडणं वेगळं आहे. ते दहा सेकंदांपेक्षा जास्त, कधी अर्धा मिनिट टिकतं. त्यामागे लाट नसते. आणि मध्यपटलाचा बाहेरचा वेढाही त्याच वेळी ढिला पडतो, म्हणजे दोन्ही पहारेकरी एकदमच बाजूला होतात.

का? तर ढेकर देता यावी म्हणून. खाताना हवाही गिळली जाते. जठराचा वरचा फुगीर भाग ताणला की भिंतीतल्या संवेदी टोकांकडून व्हेगस नसेमार्फत मेंदूच्या देठाला संदेश जातो. तिथून त्याच नसेने उलटा हुकूम येतो. नसेची टोकं नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि स्नायू सैल पडतो. हवा निघून जाते. ही सोय नसती तर पोट फुगतच राहिलं असतं.

म्हणून ‘झडप बिघडते’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. रिफ्लक्सच्या, म्हणजे आम्ल वर येण्याचा त्रास असलेल्या, बऱ्याच रुग्णांमध्ये अशा उघडण्यांची संख्या निरोगी माणसांपेक्षा फार जास्त नसते. फरक पडतो तो उघडल्यावर काय वर येतं यात. निरोगी माणसात बऱ्याचदा नुसती हवा येते, रुग्णात तिच्याबरोबर आम्ल.

हे आम्ल झडपेपाशी येतं कुठून? जेवणानंतर तर अन्नात मिसळून त्याची धार कमी व्हायला हवी. जठराच्या मधल्या भागात ती होतेही. पण २००१ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांना एक विचित्र गोष्ट आढळली. जेवणानंतर जठराच्या मधल्या भागाचा पीएच ४.७ च्या आसपास होता, तर झडपेच्या अगदी खाली तो १.६ होता. पीएचच्या मापात एवढा फरक म्हणजे आम्लता हजारपटीहून जास्त. झालेलं असं, की नव्याने पाझरलेलं आम्ल अन्नाच्या गोळ्यात मिसळत नाही, वरच्या थरात साचून राहतं. जठराचा वरचा भाग फारसं घुसळत नाही, घुसळण्याचं काम खालच्या भागाचं. या साठ्याला ॲसिड पॉकेट हे नाव पडलं. खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तो तयार होतो आणि दोनेक तास टिकतो.

म्हणजे जेवणानंतरच्या त्या दोन तासांत तीन गोष्टी एकत्र येतात. जठर ताणलेलं असतं, म्हणून झडप जास्त वेळा उघडते. तिच्या खालीच सगळ्यात तीव्र आम्ल असतं. आणि जठर भरलेलं असल्याने वर यायला ऐवजही भरपूर असतो.

[दृश्य: उभं जठर, वर हवेचा बुडबुडा. मग चित्र हळूहळू आडवं होतं.]

बसलेले किंवा उभे असताना हवा जठराच्या वरच्या टोकाला जमते आणि द्रव खाली बसतो. झडप उघडली तर हवा निघायची शक्यता बरीच. आडवं झालं की ही मांडणी मोडते. हवा पोटाच्या पुढच्या बाजूला सरकते, द्रव मागे पसरतो, आणि अन्ननलिका जठराला मिळते ती जागा मागच्याच बाजूला आहे. झडप आता द्रवात बुडालेली असते. हवेसाठी उघडलेल्या दारातून आम्ल शिरतं.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. आडवं झाल्यावर झडप उघडण्याचं प्रमाण वाढत नाही, उलट कमी होतं. गाढ झोपेत तर ते जवळजवळ थांबतं. कूस बदलताना, क्षणभर जाग येताना मात्र झडप उघडते. मग त्रास रात्री का वाढतो? कारण आम्ल किती वेळा आलं यापेक्षा ते किती वेळ राहिलं, याचा हिशोब नळीच्या अस्तराला चुकवावा लागतो.

नळी साफ होण्याचे दोन टप्पे आहेत. पहिल्या एक-दोन घोटांबरोबरची लाट जवळजवळ सगळा द्रव खाली ढकलते, आणि बसलेले असू तर गुरुत्वाकर्षण मदतीला असतं. पण अस्तराला चिकटलेला पातळ थर आम्लच राहतो. तो शमवते लाळ, तिच्यातल्या बायकार्बोनेटमुळे, घोटाघोटाने. झोपेत लाळ जवळपास बंद होते आणि गिळणंही क्वचितच होतं. गुरुत्वाकर्षण तर आधीच हातचं गेलेलं असतं.

[दृश्य: पडद्यावर चोवीस तासांचा नमुना आलेख.]

समजण्यासाठी एक नमुना आलेख पाहू. नाकातून एक बारीक नळी घालून झडपेच्या पाच सेंटिमीटर वर पीएच मोजणारा संवेदक ठेवला आहे. पीएच चारच्या खाली गेला की आम्ल आलं, असं धरायचं. माणूस चाळिशीतला, रात्री सव्वानऊला पोटभर जेवला.

साडेनऊ. तो खुर्चीत बसलाय. पीएच तीनवर उतरतो. त्याला ढेकर आली, तो बोलतोय, मधूनमधून गिळतोय. दीड मिनिटात रेघ पुन्हा चारच्या वर. त्याला काही जाणवलंही नाही. पावणेदहाला तो आडवा होतो. सव्वादहाला, जागा असतानाच, पीएच दोन. घशाशी आंबट येतं, तो उठून बसतो, चार-पाच घोट गिळतो. रेघ सावरायला सहा मिनिटं. मग झोप लागते. पावणेबाराला तो कूस बदलतो, अर्धवट जाग येते, झडप उघडते, पीएच १.८. तो पुन्हा झोपी जातो. घोट नाही, लाळ नाही. रेघ चारच्या वर यायला बावीस मिनिटं लागतात.

चोवीस तासांत चार टक्क्यांपेक्षा कमी वेळ, म्हणजे साधारण ५८ मिनिटांच्या आत, पीएच चारखाली असेल तर ते सामान्य धरतात. सहा टक्क्यांच्या वर, म्हणजे साधारण ८६ मिनिटांच्या पुढे, रिफ्लक्सचा आजार नक्की मानतात. या माणसाच्या एका कुशीने त्यातली बावीस मिनिटं खाल्ली. सकाळी तो म्हणेल, रात्री दोनदाच त्रास झाला.

जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, या सल्ल्याचा हिशोब इथून निघतो. तेवढ्यात ॲसिड पॉकेट ओसरते आणि जठराचा ताण उतरतो. तेलकट, तुपकट जेवण जठरातून सावकाश सरकतं, त्याला अंतर जास्त हवं. आडवं व्हायचंच असेल तर डाव्या कुशीवर. तेव्हा जठराचा फुगीर भाग खाली जातो, द्रव तिथे साचतो आणि झडप त्याच्या वर राहते. उजव्या कुशीवर याच्या नेमकं उलट. पलंगाची डोक्याकडची बाजू पंधरा-वीस सेंटिमीटर उचलली तर गुरुत्वाकर्षण थोडं परत मिळतं, मात्र पायांखाली ठोकळे घालून. दोन-तीन उशा रचल्या तर शरीर कमरेत वाकतं आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर येणाऱ्या द्रवाची धार घालवतात, झडपेचं उघडणं थांबवत नाहीत. म्हणून गोळी घेऊनही काहींच्या घशाशी पाणी येतच राहतं, फक्त ते जळत नाही.

काहींची झडप मात्र खरोखरच दुबळी असते. दाब कायम दहाच्या खाली राहतो, मग उघडण्याची वाट पाहायची गरजच नसते, नुसतं वाकलं तरी आम्ल वर येतं. हायटस हर्नियात जठराचा वरचा भाग छिद्रातून छातीत सरकतो. आतला स्नायू एकीकडे, मध्यपटलाचा वेढा दुसरीकडे, आणि ॲसिड पॉकेट नेमकी त्या दोघांच्या मध्ये अडकते. अशा माणसाने जेवून तीन तास वाट पाहिली तरी पूर्ण सुटका होत नाही, त्याला शस्त्रक्रियेचा विचार करावा लागू शकतो. गिळताना घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, उलटीत रक्त किंवा काळी शी, यांपैकी काहीही दिसलं तर अंतराचे प्रयोग करत बसू नये, दुर्बिणीने तपासून घ्यावं. आणि छातीतली कळ हातात, जबड्यात जात असेल, घाम किंवा धाप लागत असेल तर आधी हृदय तपासायचं.