दोन मायक्रोसेकंदांची रिकामी जागा

(बडोद्यात दांडिया बाजारातल्या मराठी मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं आयुष्य मकरपुऱ्याच्या कारखान्यांत ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगियर करण्यात गेलंय. तेव्हा एसी म्हणजे काय, डीसी म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. थेट विजेवर चालणाऱ्या गाडीकडेच येतो, म्हणजे तिच्या बॅटरीच्या डीसीची मोटरसाठी एसी करणाऱ्या इन्व्हर्टरकडे.

हिशेबासाठी एक गाडी धरू. बॅटरी ४०० व्होल्टची. मोटर आठ पोलची, म्हणजे पोलच्या चार जोड्या. गियर ९ ला १, आणि चाकाचा घेर २ मीटर. गाडी ताशी १० किलोमीटरने चालली की चाक सेकंदाला साधारण १.४ फेरे घेतं, मोटर १२.५ फेरे घेते, आणि मोटरला ५० हर्ट्झची एसी लागते. तुमच्या घरच्या पुरवठ्याइतकीच. ताशी १०० ला ५०० हर्ट्झ. मांडवीच्या गर्दीत ताशी १ किलोमीटरने सरकताना फक्त ५ हर्ट्झ. व्होल्टेजही, साधारण ताशी ५० पर्यंत, त्याच प्रमाणात: ताशी एका किलोमीटरमागे फेजला साधारण ४ व्होल्ट शिखर धरा. म्हणजे इन्व्हर्टरला फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही, पायाखालच्या पेडलप्रमाणे, सतत बदलत ठेवायचं असतं.

ते तो करतो कसा? झाकण उघडलं तर आत तीन फेजसाठी तीन लेग दिसतात. एका लेगमध्ये दोन स्विच: वरचा बॅटरीच्या प्लसला, खालचा मायनसला, आणि मधल्या सांध्यातून मोटरकडे जाड तार. हे स्विच बहुतेक गाड्यांत आयजीबीटी असतात, नव्या गाड्यांत सिलिकॉन कार्बाइडचे मॉस्फेट. आयजीबीटी १९८०च्या दशकात वापरण्याजोगा झाला, त्यात मद्रासमध्ये जन्मलेल्या बी. जयंत बालिगांचा मोठा वाटा आहे.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण याबद्दल चुकीची समजूत फार आहे. इन्व्हर्टर कधीच गोलाईदार व्होल्टेज तयार करत नाही. मधला सांधा एकतर ४०० व्होल्टवर असतो, नाहीतर शून्यावर. मधलं काही नाही. सेकंदाला १० हजार वेळा, म्हणजे दर १०० मायक्रोसेकंदांनी, तो एकदा वर आणि एकदा खाली जातो. त्या १०० पैकी ७५ मायक्रोसेकंद वर राहिला तर सरासरी ३०० व्होल्ट, ५० राहिला तर २००, २५ राहिला तर १००. २०० हा मध्य धरा. त्याच्या वर-खाली हे प्रमाण साइनच्या लयीत झुलवत नेलं की सरासरी साइन होते. ही पद्धत १९६४ साली शोनुंग आणि श्टेमलर यांनी मोटर चालवण्यासाठी मांडली. आज ते काम मायक्रोकंट्रोलर करतो, तत्त्व तेच.

मग मोटरला धक्के का बसत नाहीत? वाइंडिंगच्या इंडक्टन्समुळे. ओसरीवरच्या जड झोपाळ्याला भराभर छोटे धक्के दिले तर झोपाळा हिसके घेत नाही, सावकाश डुलतो. करंटचं तसंच होतं. इंडक्टन्स ०.२ मिलिहेन्री असेल आणि २०० व्होल्ट लागले, तर करंट मायक्रोसेकंदाला १ अँपिअरने चढतो. काही मायक्रोसेकंदांत काही अँपिअर. तोवर स्विच पलटतो आणि तो उतरू लागतो. म्हणून स्कोपवर व्होल्टेज चौकोनी विटांसारखं दिसतं आणि करंट मात्र बारीक दाते असलेली सुंदर साइन. ताशी १० ला एका आवर्तनात २०० ठोके मावतात. ताशी १०० ला फक्त २०, तरी भागतं.

आता ज्यासाठी मी आज उभा आहे ते. वरचा आणि खालचा स्विच एकाच वेळी चालू झाले तर? बॅटरीच्या प्लस-मायनसमध्ये, आणि त्याहून जवळ असलेल्या कॅपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये, थेट शॉर्ट. मध्ये मोटरचं इंडक्टन्सही नाही. करंट एका मायक्रोसेकंदाच्या आत हजारोंवर जातो. आयजीबीटी असा शॉर्ट फार तर १० मायक्रोसेकंद सोसतो, सिलिकॉन कार्बाइड त्याहून कमी. म्हणून स्विचला चालू-बंद करणारा गेट ड्रायव्हर चालू स्विचवरचा व्होल्टेज पाहत राहतो. तो एरवी दोनएक व्होल्ट असतो. तो सात-आठच्या वर गेला की शॉर्ट समजायचा आणि स्विच बंद करायचा, पण हळू. खटकन केला तर तारांच्या इंडक्टन्समुळे व्होल्टेज उसळतो आणि तोच स्विच त्याने मरतो.

मात्र हे शेवटचं संरक्षण झालं. रोजचं संरक्षण म्हणजे डेड टाइम. आयजीबीटी बंद व्हायला वेळ घेतो, म्हणून एक बंद केल्यावर दुसरा चालू करण्याआधी साधारण २ मायक्रोसेकंद दोन्ही बंद ठेवायचे.

या २ मायक्रोसेकंदांत करंट थांबत नाही, इंडक्टन्स थांबू देत नाही. तो प्रत्येक स्विचला उलटा जोडलेल्या डायोडमधून वाट काढतो. करंट मोटरकडे जात असेल तर खालच्या डायोडमधून, म्हणजे सांधा शून्यावर; वरचा स्विच २ मायक्रोसेकंद उशिरा लागला, तेवढे ४०० व्होल्ट हुकले. करंट मोटरकडून येत असेल तर वरच्या डायोडमधून, म्हणजे सांधा ४०० वर. २ मायक्रोसेकंद जास्तीचे मिळाले. १०० त २ म्हणजे २ टक्के, ४०० चे ८ व्होल्ट. आणि ही चूक नेहमी करंटच्या विरुद्ध दिशेने लागते.

ताशी ५० ला शिखर २०० व्होल्ट असतं, तिथे ८ व्होल्ट कुणाला कळत नाहीत. पण ताशी १ ला मोटरला लागतात ४ व्होल्ट, अधिक वाइंडिंगच्या रोधासाठी थोडे. म्हणजे चूक कामापेक्षा मोठी झाली! करंट कंट्रोलर पुष्कळ भरून काढतो, तरी प्रत्येक फेजचा करंट शून्य ओलांडताना चूक एका बाजूची दुसऱ्या बाजूला उडते, आणि तिथे करंट क्षणभर शून्यालाच चिकटतो. स्कोपला क्लॅम्प लावलात तर साइनच्या मध्यावर छोटी सपाट पायरी दिसेल. तीन फेज, प्रत्येकी दोन वेळा, म्हणजे आवर्तनाला सहा हिसके. ५ हर्ट्झला सेकंदाला ३०, आणि ते सीटमध्ये जाणवतात.

एका काकांनी विचारलंय, मग डेड टाइमच काढून का टाकत नाहीत? काका, सिलिकॉन कार्बाइडमध्ये तो बराच कमी करता येतो, कारण ते फार लवकर बंद होतात. पण शून्य नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर आधीच भरपाई करतं: करंट बाहेर जात असेल तर स्विच २ मायक्रोसेकंद जास्त चालू, आत येत असेल तर तितकाच कमी. अडचण एवढीच की करंटची दिशा नक्की ठाऊक हवी, आणि शून्याजवळ ती दात्यांमुळे क्षणाक्षणाला उलटते. तिथे भरपाई उलट लावली तर ८ ची चूक १६ ची होते. म्हणून चांगला अभियंता शून्याजवळ भरपाई एकदम पलटत नाही, काही अँपिअरच्या पट्ट्यात ती उतरती करत नेतो. आणि करंट सेन्सर शून्याला खरोखर शून्यच दाखवतो ना, हे मोटर सुरू होण्याआधी, सगळे स्विच बंद असतानाच तपासून घेतो.