मोजणीची काठी आणि जिझिया: मुघल महसूलव्यवस्थेविषयी

मुघल साम्राज्याच्या बळाविषयी बोलताना आपण तोफखान्यापाशी थांबतो. पण तोफा ओतायला आणि मनसबदारांचे घोडेस्वार पोसायला लागणारा पैसा मुख्यतः शेतातून येत होता, आणि त्या शेतात कसणारे बहुसंख्य लोक बादशहाच्या धर्माचे नव्हते. म्हणून आज मी महसुलाच्या दप्तराविषयी बोलणार आहे, कारण राज्याने निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना प्रत्यक्षात कसे वागवले हे त्या दप्तरातच सर्वांत स्पष्ट दिसते.

आरंभ मोजणीपासून करू. अकबराच्या पहिल्या काळात जमीन सणाच्या दोराने मोजत असत. पहाटेच्या दवाने दोर भिजला की आखडे, तेव्हा तेच शेत अधिक बिघे भरे आणि रयत नाडली जाई. ऊन चढून दोर वाळला की तो लांबे आणि सरकारचे नुकसान होई. मोजणी किती वाजता करायची यावर लाच चालावी, असा हा प्रकार होता. १५७४-७५ च्या सुमारास दोराऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आली आणि ही पळवाट बरीचशी बुजली.

मग प्रश्न आकारणीचा. अकबराच्या राज्यकारभाराचे वर्णन करणाऱ्या ऐन-इ-अकबरी या ग्रंथात गव्हाचा हिशेब दिला आहे. दरसाल पिकणाऱ्या, म्हणजे पोलज, जमिनीच्या एका बिघ्यात उत्तम प्रतीला १८ मण, मध्यम प्रतीला १२ मण आणि हलक्या प्रतीला ८ मण ३५ शेर गहू धरला आहे. तिन्हींची सरासरी १३ मणांच्या किंचित आत येते आणि तिचा तिसरा हिस्सा, सुमारे ४ मण १३ शेर, हा सरकारचा. पण सरकारला धान्य नको होते, नाणे हवे होते. दर हंगामाला भाव दरबारातून मंजूर होऊन येईपर्यंत वसुली अडून राहत असे, आणि भाव कळवणारे कामगारही सचोटीचे असतीलच असे नव्हते. १५८० साली तोडरमल आणि शाह मन्सूर यांनी यावर दहसाला पद्धत बसवली. मागील १० वर्षांच्या उत्पन्नाच्या आणि भावांच्या आधाराने प्रत्येक प्रदेशासाठी पीकवार, बिघ्यामागे रोख दर ठरले. आता पेरा मोजला की देणे कळत असे.

या पद्धतीची खोट तिच्या सोयीतच होती. दर सरासरीचा असल्यामुळे हलक्या जमिनीचा कुणबी आपल्या पिकाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देत असे, आणि भाव कोसळले तरी रोख आकडा तोच राहत असे. बुडालेल्या पिकाची ‘नाबूद’ म्हणून वजावट होती, पण ती मिळणे पाहणी करणाऱ्या अंमलदाराच्या हाती होते. शिवाय ही पद्धत सगळीकडे चालली नाही. बंगालमध्ये ती बसली नाही. दख्खनमध्ये १६५० च्या दशकात मुर्शिद कुलीखानाने मोजणी आणली खरी, पण बटाईची, म्हणजे प्रत्यक्ष पिकातून सरकारी वाटा घेण्याची, सोयही ठेवली: पावसावरच्या पिकाचा अर्धा, विहिरीच्या पाण्यावरच्या पिकाचा तिसरा हिस्सा. आपल्याकडच्या पावसाचा भरवसा पाहता हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

आता धर्माचा भाग. वर सांगितलेल्या कोणत्याही पीकवार दरात कसणाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. पीक, जमीन आणि पाणी एवढेच पाहिले आहे. धर्म दप्तरात शिरत असे तो दोन वाटांनी. एक वाट सूट देण्याची. मदद-इ-मआश म्हणून दिलेल्या जमिनीवर सारा माफ असे. बहुतेक इनामे मुसलमान विद्वानांना आणि सुफी घराण्यांना गेली, पण पंजाबातल्या जखबरच्या नाथजोग्यांना, वृंदावनच्या मंदिरांना आणि काशीच्या जंगमवाडी मठालाही ती होती. इनामदार हा राज्याचा गावातला पाठीराखा होई, हा त्यामागचा रोकडा हेतू विसरता येत नाही.

दुसरी वाट जास्तीच्या कराची. अकबराने १५६४ मध्ये जिझिया, म्हणजे मुसलमान नसलेल्यांवरचा डोईकर, उठवला. औरंगजेबाने १६७९ मध्ये तो पुन्हा लादला. दर तीन होते: गरिबाला वर्षाला १२, मध्यम स्थितीच्या माणसाला २४ आणि श्रीमंताला ४८ दिरहम. स्त्रिया, मुले आणि निर्धन यांना माफी होती. ऐपतीच्या मानाने पाहिले तर खरा भार गरिबावरच पडे, कारण १२ दिरहम म्हणजे तीन रुपयांच्या थोडे वर, जवळजवळ मजुराची महिन्याची कमाई. त्यातच वसुलीसाठी निराळे अमीन नेमले गेले, त्यामुळे सारा भरून मोकळ्या झालेल्या माणसाच्या दारात दुसरा अंमलदार उभा राहिला, आणि तो केवळ त्याच्या धर्मामुळे.

तरीही याच औरंगजेबाने १६६० च्या दशकाच्या आरंभी जखबरच्या महंत आनंदनाथांना आदराने पत्र लिहून शुद्ध केलेला पारा मागवला होता. १६७२ मध्ये हिंदूंकडील इनामे काढून घेण्याचा हुकूम निघाला, पण तो सर्वत्र अमलात आला नाही. हुकूम दिल्लीचा असला तरी गावची कागदपत्रे कानूनगो, चौधरी, देशमुख आणि देशपांडे यांच्या हातात होती. हे लोक बव्हंशी हिंदू होते आणि त्यांच्यावाचून एका परगण्याचाही वसूल जमत नव्हता. अखेर मराठ्यांशी चाललेले युद्ध आणि दुष्काळ यांनी उजाड झालेल्या दख्खनमध्ये खुद्द औरंगजेबालाच १७०४ साली जिझियाची माफी जाहीर करावी लागली.