पोटावरच्या रेषा आणि क्रीमची मर्यादा

श्रोतेहो, नमस्कार.

साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात बेंबीच्या खाली, ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना पहिल्या रेषा दिसायला लागतात. डोहाळजेवणाचे दिवसही हेच. त्यामुळे हल्ली साडी-ओटीच्या जोडीला ‘स्ट्रेच मार्क्स येऊ देत नाही’ असं लिहिलेली बाटलीही आहेरात येते. त्या बाटलीने काय होतं आणि काय होत नाही, हे आज मला सांगायचं आहे. पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला गरोदर बायका विचारतात, त्यांच्या सासवा विचारतात आणि उंची वाढलेल्या मुलांच्या आयाही विचारतात.

आधी रेष पडते कुठे ते पाहू. आपल्या कातडीचा सगळ्यांत वरचा थर फार पातळ असतो. पोटावर तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाच असेल. त्याच्या खाली जाड थर असतो, त्याला आतली त्वचा म्हणू. कातडीला मजबुती देणारे कोलॅजनचे धागे आणि ताणलं की परत जागेवर आणणारे इलॅस्टिनचे धागे या आतल्या थरात विणलेले असतात. स्ट्रेच मार्क म्हणजे या विणीला गेलेला तडा. वरचा थर शाबूत असतो, म्हणून रक्त येत नाही, खपली धरत नाही. आतल्या रक्तवाहिन्या त्या पातळ जागेतून दिसतात, म्हणून सुरुवातीला रेष लालसर, सावळ्या कातडीवर जांभळट दिसते. पुढे महिन्यांनी तिथे व्रण तयार होतो, रक्तवाहिन्या आटतात आणि रेष पांढरट, चमकदार, किंचित खोलगट होते.

नुसत्या ताणाने हे घडत असतं, तर पोट वाढलेल्या प्रत्येक बाईला रेषा आल्या असत्या. तसं होत नाही. गर्भारपणात शरीरातले हार्मोन बदलतात आणि आतल्या धाग्यांची पकड सैल होते. त्यातून कुणाचे धागे तुटतात आणि कुणाचे टिकतात, हे बरंचसं आईवडिलांकडून आलेलं असतं. ज्यांच्या आईच्या पोटावर रेषा आहेत त्यांना त्या येण्याची शक्यता जास्त. कमी वयात आलेलं गर्भारपण, आधीपासून जास्त असलेलं वजन, गर्भारपणात भराभर वाढलेलं वजन आणि मोठं बाळ, यांनीही शक्यता वाढते. खाजवल्याने मात्र व्रण पडत नाहीत. ‘पोट खाजवू नकोस, रेषा पडतील’ हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. खरा क्रम वेगळा आहे. ताणलेली, कोरडी कातडी खाजते, आणि त्याच दिवसांत रेषाही उमटतात. म्हणून दोष हाताला जातो.

आता बाटलीकडे येऊ. कोको बटर, बदामाचं तेल, ऑलिव्ह तेल, कोलॅजनचं क्रीम, सगळ्यांची अडचण एकच आहे. तडा जातो आतल्या थरात, आणि लावलेली गोष्ट राहते वरच्या थरात. कोलॅजनचा रेणू तर इतका मोठा असतो की तो अखंड कातडीतून आत शिरूच शकत नाही. क्रीममधलं कोलॅजन कातडीवर ओलावा धरून ठेवतं, आतलं तुटलेलं कोलॅजन भरून काढत नाही. कोक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये असल्या क्रीम-तेलांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. सहा चाचण्या, सुमारे ८०० बायका. क्रीम लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या बायकांत रेषा येण्याच्या प्रमाणात खात्रीने सांगता येईल असा फरक निघाला नाही. ज्यांना ती क्रीम लावूनही रेषा आल्या नाहीत, त्यांना न लावताही बहुधा आल्या नसत्या. पण शेजारीण शेजारणीला सांगते ती बाटलीचं नाव.

एक उदाहरण सांगते. माझ्याकडे सत्तावीस वर्षांची एक मुलगी आली होती, पहिलटकरीण, एकतिसावा आठवडा. तिसऱ्या महिन्यापासून रोज दोन वेळा कोको बटरचं क्रीम चोळत होती. तरी बेंबीखाली जांभळट रेषा आल्या होत्या आणि खाजेने झोप लागत नव्हती. तिच्या मनात होतं की आपण आळस केला, एखाद्या दिवशी लावायचं राहून गेलं असेल. सोबत आलेल्या तिच्या आईला मी विचारलं, तुम्हाला होत्या का? त्या म्हणाल्या, अजून आहेत. त्या मुलीला मी पहिल्यांदा हेच सांगितलं की तुझ्याकडून काहीही चुकलेलं नाही.

मग तिच्या पिशवीतल्या ट्यूब पाहिल्या. बहिणीने दिलेल्या एका ट्यूबवर रेटिनॉल लिहिलेलं होतं. ती मी त्याच क्षणी बंद केली. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन ही अ-जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधं गर्भारपणात लावायची नाहीत. खाजेसाठी साधा उपाय दिला. अंघोळ कोमट पाण्याने, कडक साबण पोटाला नाही, अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली. पुण्याच्या थंडीत हवा कोरडी असते, तेव्हा रात्री झोपताना आणखी एकदा. क्रीम-तेलाचं खरं काम हे एवढंच. खाज कमी होते, कातडी मऊ राहते, चांगली झोप लागते. हे काम कमी मोलाचं नाही, पण ते साध्या खोबरेलानेही होतं.

खाजेबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पोटावर रेषांच्या भोवती खाज येणं नेहमीचं. पण तळहात आणि तळपाय खाजत असतील, पुरळ काहीच नाही आणि रात्री खाज वाढते आहे, तर तेल लावत बसू नका. गर्भारपणात यकृतातला पित्ताचा प्रवाह मंदावला की अशी खाज येते आणि त्यात बाळाला धोका असू शकतो. त्याच दिवशी आपल्या प्रसूतितज्ज्ञांना सांगा. रक्तातली पित्ताम्लं तपासून निदान होतं. वरच्या मुलीला मी हे विचारलं होतं. तिचे हातपाय खाजत नव्हते.

रेषा टाळण्यासाठी आपल्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे वजन हळूहळू वाढू देणं, आणि तिचाही उपयोग अर्धवट. गर्भारपणाआधी वजन प्रमाणात असेल तर पूर्ण काळात ११.५ ते १६ किलोपर्यंत वाढ योग्य मानतात. तुमच्यासाठी नेमका आकडा तुमच्या डॉक्टर सांगतील. रेषांच्या भीतीने जेवण कमी करणं मात्र बाळाच्या तोंडचा घास काढणं आहे. ते करू नका.

ती मुलगी बाळंतपणानंतर सात महिन्यांनी पुन्हा आली. रेषा अजून लालसर होत्या, आणि काही करायचं असेल तर ही वेळ बरी. लाल रेष उपचाराला जेवढी दाद देते तेवढी पांढरी देत नाही. या टप्प्यावर ट्रेटिनॉइनचं क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देता येतं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ०.१ टक्क्याचं ट्रेटिनॉइन सहा महिने रोज लावल्यावर नव्या रेषांची लांबी सरासरी १४ टक्के आणि रुंदी ८ टक्के कमी झाली. तिच्या पोटावरची एक रेष मी मोजून दाखवली. दहा सेंटिमीटर होती. अभ्यासातल्यासारखा गुण आला तर ती साडेआठच्या आसपास येईल. पुसली जाणार नाही. शिवाय कातडी लाल होते, सोलवटते, आणि पुन्हा दिवस राहण्याचा विचार असेल तर हे औषध नको. बाळ अंगावर पीत होतं, म्हणून आम्ही ते थांबवूनच ठेवलं. वर्षभरात रेषा आपोआप फिकट होतात हे तिला सांगितलं, आणि ऐकल्यावर तिने काहीच न करायचं ठरवलं. तो निर्णय मला पूर्ण पटला.

ज्यांना उपचार हवेच आहेत, त्यांच्यासाठी बारीक सुयांचा मायक्रोनीडलिंग आणि फ्रॅक्शनल लेझर हे दोन मार्ग आहेत. दोन्ही आतल्या थरापर्यंत पोचतात आणि तिथे नवं कोलॅजन बनायला लावतात. महिना-महिन्याच्या अंतराने बऱ्याच बैठका लागतात. रेष थोडी भरते, खरबरीतपणा कमी होतो. पण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर लेझरने काळे डाग उठण्याचा धोका खरा असतो आणि ते डाग महिनोन्‌महिने राहतात. म्हणून आधी लहानशा जागेवर करून पाहायला सांगा. कुणी ‘शंभर टक्के घालवतो’ म्हणालं, तर तिथून उठा.

आता मुलांकडे. तेरा-चौदाव्या वर्षी मुलगा वर्षात नऊ-दहा सेंटिमीटरने उंच होतो आणि आईला एक दिवस त्याच्या कमरेवर, पाठीच्या खालच्या भागात एकाखाली एक आडव्या रेषा दिसतात. शिडीच्या पायऱ्यांसारख्या. पहिला विचार येतो, याला शाळेत कुणी छडीने मारलं का? मारल्याचे वळ दुखतात, रंग बदलतात आणि काही दिवसांत जातात. या रेषा दुखत नाहीत, आठवड्यांनंतरही तिथेच असतात. पाठ उभी वाढते, म्हणून तडे आडवे जातात. मुलींना त्या मांड्या, नितंब आणि छातीवर येतात. यांना काही लावायची गरज नाही. तारुण्यात त्या फिकट होत जातात.

काळजी कधी करायची? रेषा बोटभर रुंद, गडद जांभळ्या असतील, चेहरा गोल होत असेल, वजन वाढतंय आणि उंची मात्र थांबली आहे, तेव्हा. वयात येताना आलेल्या साध्या रेषांत उंची भराभर वाढत असते. शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन जास्त झालं तर उलट उंची खुंटते. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

आणि कॉर्टिसॉलचंच भावंड आपल्या घरांत ट्यूबमधून येतं. जांघेत गजकर्ण झालं की मुलगा लाजेपोटी कुणाला दाखवत नाही, मित्राने सांगितलेली ट्यूब औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणतो आणि महिनोन्‌महिने लावतो. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून विश्वास बसतो. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असतं. ते जांघेतली पातळ कातडी आणखी पातळ करतं आणि मग मांडीच्या आतल्या बाजूला रुंद, लाल तडे पडतात. गजकर्ण तर आतून पसरतच राहतं. हे तडे कायमचे असतात. क्रीमने रेषा जात नाहीत हे आतापर्यंत सांगत होते, पण ही क्रीम रेषा आणते.

घरातल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं आज वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं आणि ती डॉक्टरांनी दिलेली नसेल, तर जांघेत, काखेत किंवा गरोदर पोटावर लावू नका. कुणी बरेच दिवस लावत असेल, तर ती ट्यूब बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कुठली ट्यूब, किती दिवस आणि कुठे लावली, एवढं सांगितलंत की पुढचं काम आमचं.

नमस्कार.