शेवट झाकून ठेवताना

(पहाट. एकसंब्याकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. एका बैलगाडीचा कंदील लांबून हलत येतो.)

चिकोडी तालुक्यातलं एकसंबा. 10 जुलै 1923 ला जी. ए. कुलकर्णी या गावात जन्मले. पुढं बेळगावात शिकले आणि धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत त्यांनी आयुष्याचा मोठा भाग काढला. मराठीतला एवढा मोठा कथाकार या मातीतला, आणि तोही असा की सभा-समारंभात कुणाला फारसा दिसलाच नाही. 1973 साली ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला, आणि जीएंनी पुरस्कार परत केला. आमच्या भागातल्या जुन्या वाचकांना ही हकीकत तोंडपाठ आहे. कथा मात्र तितक्या वाचलेल्या नाहीत.

म्हणून ही चित्रफीत करायला आम्ही या घरात आलो.

(मातीचं अंगण, तुळशीवृंदावन, ओट्यावर सतरंजी. आठ-नऊ माणसं. मध्ये जीएंच्या ‘पिंगळावेळ’ या कथासंग्रहाची एक प्रत, कव्हरला खाकी कागद.)

चिकोडीजवळच्या या गावात महिन्यातून एका रविवारी वाचक जमतात. प्रत एकच, ती हातोहात फिरते. शेवटी ज्याच्याकडे जाईल त्यानं पुस्तकाचा परिचय लिहायचा, म्हणजे ज्यांनी अजून वाचलं नाही ते पुढं हात करतात. या खेपेला लिहायची पाळी शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंची आहे. इथं सगळे त्यांना अक्का म्हणतात.

अट एकच, आणि तीही जुनी. शेवट फोडायचा नाही.

कादंबरीच्या बाबतीत ही अट पाळणं तसं सोपं असतं. सुरुवातीची काही प्रकरणं सांगायची आणि थांबायचं. कथासंग्रहात प्रत्येक कथेला तिची स्वतःची कळ असते आणि ती वेगळ्या जागी असते. एकीत ती शेवटच्या पानावर असते, दुसरीत मधल्याच एका साध्या वाक्यात. त्यामुळं सगळ्या कथांना एकच मोजमाप लावून चालत नाही.

(अक्कांची वही. प्रत्येक कथेखाली पाच-पाच ओळी, आणि त्यातल्या बऱ्याच ओळींवर आडवी रेघ.)

अक्कांनी पहिला मसुदा नेहमीच्या पद्धतीनं केला होता. एकेक कथा घेऊन तिचा सारांश. वाचायला लागल्या तसं पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांनी हात वर केला.

“अक्का, एवढं सांगून टाकलं तर मी वाचू कशाला वो?”

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली आणि आत जाऊन पेन्सिल आणली.

इथून पुढचं काम आम्ही दोन दुपारी टिपलं. या चित्रफितीचा जीव तिथंच आहे.

(जवळून: पेन्सिलीचं टोक पुस्तकाच्या समासात. एक बारीक टिंब. पान उलटतं. आणखी एक टिंब.)

प्रत्येक कथा दुसऱ्यांदा वाचताना अक्का समासात एक टिंब देतात. जिथं आधी वाचलेल्या गोष्टींचा अर्थ आपल्या मनात बदलतो, तिथं टिंब. त्या टिंबाच्या पुढचं काहीही परिचयात जाणार नाही. घटना तर नाहीच, पण त्या घटनेची चाहूल देणारा शब्दही नाही. काही कथांत हे टिंब फार लवकर पडतं. मग त्या कथेबद्दल दीड ओळच उरते, आणि अक्का ती दीड ओळच ठेवतात. उगाच ओढून लांबवत नाहीत.

सगळ्या कथा घ्यायच्या नाहीत, हेही त्यांनी तेव्हाच ठरवलं. संग्रहाचा परिचय म्हणजे अनुक्रमणिका नव्हे. तीन कथा निवडल्या: ‘स्वामी’, ‘ऑर्फियस’ आणि ‘कैरी’. तिन्हींची झाकायची रीत वेगळी.

(वहीचं पान. एका ओळीतला एक शब्द पडद्यावर धूसर केलेला.)

‘स्वामी’बद्दल अक्कांनी एकच ओळ लिहिली होती. एक प्रवासी, एक अनोळखी गाव, एक मठ. आणि शेवटी एक क्रियापद. ते क्रियापद आम्ही इथं झाकलंय. कारण तेवढा एक शब्द ऐकला की वाचणारा पहिल्या पानापासून त्याचीच वाट बघत बसतो. जीए त्या कथेत वाचकाला फार सावकाश पुढं नेतात, पायऱ्या चढायला लावतात. आधीच माहीत असलं तर त्या पायऱ्या नुसत्या पायऱ्या राहतात.

अक्कांनी क्रियापद खोडलं. तीन नामं ठेवली. वाक्य अपुरं दिसत होतं, म्हणून त्यापुढं मठातल्या हवेबद्दल लिहिलं, तिथल्या आदरातिथ्याबद्दल लिहिलं. वाचताना आपला श्वास हळू होत जातो, एवढं लिहिलं आणि थांबल्या.

त्यांनी ती ओळ काकांना वाचून दाखवली. काकांनी कथा वाचलेली नव्हती, म्हणून मुद्दाम त्यांनाच. विचारलं, पुढं काय होत असेल सांगा बघू. काकांनी दोन अंदाज केले. दोन्ही चुकले. अक्कांनी समाधानानं मान हलवली.

ही परीक्षा त्या प्रत्येक ओळीला लावतात. न वाचलेल्या माणसाला ऐकवायचं आणि शेवट ओळखायला सांगायचा. त्यानं बरोबर ओळखलं तर ओळ खोडायची, कितीही सुरेख असली तरी.

(ओटा. सगळे बोलताहेत, आवाज एकमेकांत मिसळलेले. मागं पिठाच्या गिरणीचा आवाज.)

‘ऑर्फियस’वर मात्र जोरात वाद झाला. ग्रीक पुराणातली गोष्ट आहे ती. गायक ऑर्फियस, सर्पदंशानं गेलेली त्याची बायको, तिला परत आणायला तो मृत्यूच्या राज्यात जातो. तिथं त्याला एक अट घातली जाते. वर प्रकाशात पोचेपर्यंत मागं वळून बघायचं नाही.

मूळ गोष्ट हजारो वर्षांची. मग ती सांगणं म्हणजे शेवट फोडणं होतं का? कॉलेजात शिकणारा एक मुलगा म्हणाला, “ती सगळ्यांना माहीतच आहे की.” त्यावर कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, “मला नव्हती ठाऊक.”

आजींच्या त्या एका वाक्यानं निकाल लागला. मूळ गोष्ट अटीपर्यंतच सांगायची. ग्रीक पुराणात पुढं काय घडतं ते लिहायचं नाही. आणि दुसरी, जास्त बारीक गोष्ट अक्कांनी धरली. जीए ती गोष्ट जशीच्या तशी ठेवतात की बदलतात, यावर एक अक्षर लिहायचं नाही. बदलतात म्हटलं तर वाचक बदल शोधत बसतो. बदलत नाहीत म्हटलं तर तो पुस्तक मिटतो. माझ्या मते त्या दुपारी ठरलेली ही सगळ्यांत मोलाची गोष्ट. नुसती घटना लपवून भागत नाही, वाचकानं काय शोधायचं हेही त्याच्यावरच सोडावं लागतं.

याच कारणानं आणखी दोन शब्द खोडले गेले: ‘धक्कादायक’ आणि ‘कलाटणी’. शेवटी धक्का आहे म्हटलं की तो निम्मा तिथंच संपतो.

(परसात कैरीचं झाड. एक मूल खाली पडलेली कैरी उचलून हुंगून बघतं. आवाज नाही.)

‘कैरी’ वाचलेले कमी, पण तिच्यावरचा अमोल पालेकरांचा चित्रपट पाहिलेले दोघं-तिघं निघाले. ते भराभर सांगायला लागले, तेव्हा अक्कांनी त्यांना हातानं थांबवलं.

ही कथा लहान वयाच्या डोळ्यांतून दिसते. एक पोरकं मूल मावशीकडं येतं. घरात मोठ्या माणसांचं जे चाललंय ते मुलाला दिसतं, पण सगळं कळत नाही. वाचणाऱ्याला कळतं. अक्कांनी इथं वेगळा नियम केला. मुलाला जेवढं कळलंय तेवढंच लिहायचं. आपण मोठे म्हणून जे ओळखलं, ते आपल्याजवळ ठेवायचं. म्हणून त्यांच्या ओळीत मावशीची माया आली, आणि मावशीबद्दल मोठी माणसं जे बोलतात ते आलं नाही.

(रात्र. कंदिलाच्या उजेडात वही. अक्का एक शब्द लिहितात, बघत राहतात, खोडतात.)

सगळ्यांत अवघड शब्द शेवटी उरला. जीएंबद्दल बोलताना आपण सहज म्हणतो, नियतीवादी लेखक. समीक्षेत हा शब्द इतका रुळलाय की तो लिहिताना हात अडत नाही. अक्कांचा अडला. एक शेवट सांगितला तर एक कथा फुटते. पण सगळ्या संग्रहावर असा शिक्का मारला तर एकाच फटक्यात सगळ्या कथांची दिशा कळून जाते. प्रत्येक पात्राकडं वाचक त्याच नजरेनं बघायला लागतो. त्यांनी तो शब्द काढला आणि त्या जागी पुस्तकाचं नाव समजावून सांगितलं.

पिंगळा म्हणजे लहान घुबड. पिंगळा म्हणजे पहाटे, उजाडायच्या आत दारोदार फिरून भविष्य सांगणारा भिक्षेकरीही. त्याची ती वेळ म्हणजे पिंगळावेळ. 1977 साली आलेल्या या संग्रहात शिरायला एवढा उजेड पुरतो.

तक्रारही लिहिली, कारण नुसत्या कौतुकाचा परिचय कुणी खरा मानत नाही. जीएंच्या गद्यात प्रतिमा दाट असतात, एका उपमेतून दुसरी उपमा निघते. लागोपाठ दोन कथा वाचल्या तर दमायला होतं. एका दिवशी एकच वाचावी, असं अक्कांनी सरळ लिहिलंय. तक्रार लिहितानाही त्यांनी घटनेचा दाखला दिला नाही, भाषेचाच दिला. आणि इकडच्या वाचकासाठी एक ओळ घातली. या गद्याच्या मागं बेळगाव-धारवाडची मराठी आहे, शेजारच्या कन्नडचा वारा लागलेली. घरात दोन्ही भाषा ऐकत वाढलेल्याला ते वळण लगेच ओळखू येतं.

(रविवार. अक्का परिचय वाचतात. माणसांचे चेहरे.)

तीनशेच्या आसपास शब्द झाले. वाचून झाल्यावर पुस्तकासाठी चार हात पुढं आले.

पहिला नंबर काकांचा लागला. अक्कांनी प्रत देण्याआधी रबर घेतला आणि समासातली टिंबं एकेक करून पुसून टाकली.

(एसटी. खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर, मराठी-कन्नड पाट्या मागं पळताहेत. काकांच्या मांडीवर खाकी कव्हरचं पुस्तक उघडं. चष्मा नाकावर घसरलेला. त्यांचा स्टॉप येतो आणि जातो. ते उठत नाहीत.)