ओल्या कचऱ्याची महाग वीज

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत यंदा विषय होता, 'निपाणीसारख्या शहराजवळ कचऱ्यापासून वीज तयार करणारा प्रकल्प उभारावा'. मी विरोधात बोलले. व्यासपीठावर पाच मिनिटांची घंटा होती, इथे ती नाही, त्यामुळे तेव्हा घाईत गुंडाळलेला हिशोब आज सावकाश मांडते.

बाजूने बोलणाऱ्या मित्राने सुरुवातच टाळ्यांची केली. म्हणाला, "आपल्या भागातले साखर कारखाने बगॅस जाळून वीज करतात आणि ग्रिडला विकतात. उसाच्या चोथ्यातून वीज होते, तर कचऱ्यातून का होऊ नये?" उदाहरण आपल्या मातीतलं असल्यामुळे ते लोकांना लगेच पटतं. म्हणून मी त्याच उदाहरणाला हात घातला.

बगॅस गिरणीतून बाहेर पडतो तेव्हा त्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. गंमत अशी, की आपल्या घरच्या मिसळलेल्या कचऱ्यातही साधारण निम्मं पाणीच असतं. मग फरक कुठे पडतो? उरलेल्या अर्ध्या भागात. बगॅसचा तो अर्धा भाग जवळपास सगळा जळणारा तंतू असतो, राख होते ती नावाला. आपल्या घंटागाडीतल्या त्या अर्ध्या भागात रस्त्याची झाडलेली माती असते, गटारातून काढलेला गाळ असतो, चुलीची राख, फुटकी कौलं, काचा असतात.

एक किलो मिसळलेला कचरा घ्या. पाचशे ग्रॅम पाणी, दोनशे ग्रॅम माती-दगड-काच. खरं जळणारं राहिलं तीनशे ग्रॅम. कागद, कापड, प्लास्टिक, वाळलेली साल, सगळं धरून किलोला चार हजार किलोकॅलरी उष्णता पकडली, तर तीनशे ग्रॅममधून बाराशे मिळतात. पण भट्टीला आधी ते पाणी उकळवून वाफ करून घालवावं लागतं. एक किलो पाण्याला त्यासाठी सहाशेच्या वर किलोकॅलरी लागतात, म्हणजे अर्ध्या किलोला तीनशे. हातात उरल्या नऊशे. याच पद्धतीने बगॅसचा हिशोब केला तर अठराशेच्या आसपास येतो. दुप्पट.

आता पावसाळ्यातला किलो घ्या. उघड्या कुंडीत भिजलेला कचरा, पाणी साठ टक्के. जळणारं राहतं दोनशे चाळीस ग्रॅम. त्यातून मिळतात नऊशे साठ, वाफेवर जातात तीनशे साठ, उरतात सहाशे. २०१६ च्या केंद्राच्या घनकचरा नियमांनी पुनर्वापर न होणाऱ्या कचऱ्याला ऊर्जेसाठी योग्य धरताना किलोमागे दीड हजार किलोकॅलरीची रेषा आखली होती. आपला जुलैमधला कचरा त्या रेषेच्या निम्म्यावरही पोहोचत नाही.

आपल्याकडच्या गुऱ्हाळावर जाऊन बघा. काहीलीखालच्या चुलवाणात कुणी ओलं चिपाड कोंबत नाही. ते आधी पटांगणात पसरून उन्हात कडकडीत वाळवतात आणि मगच जाळ घालतात. ओलं घातलं तर धूर होतो, आधण येत नाही, गूळ बिघडतो. गुळव्याला हे सांगावं लागत नाही.

हे कागदावरचं गणित नाही, आपल्या देशाने ते पैसे मोजून शिकून घेतलं आहे. १९८७ साली दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाची भट्टी उभी राहिली. रोज तीनशे टन कचरा जाळायचा आणि पावणेचार मेगावॉट वीज काढायची, असा बेत होता. भट्टीला साधारण साडेचौदाशे किलोकॅलरीचा कचरा हवा होता, दिल्लीच्या कचऱ्यात निघाल्या सहाशे-सातशे. एकवीस दिवसांत प्रकल्प बंद पडला. यंत्र चांगलं होतं. ते ज्या देशाच्या कचऱ्यासाठी बांधलं होतं, तो कचरा वेगळा होता.

आज यंत्रं सुधारली आहेत, हे मी मान्य करते. देशात असे प्रकल्प चालूही आहेत. पण ओला कचरा चालवायचा तर एकतर त्याला जोडीला डिझेलसारखं दुसरं इंधन द्यावं लागतं, नाहीतर भट्टीचं तापमान घसरतं. आणि घसरण नुसती विजेला मारक नाही. नियमाप्रमाणे दुसऱ्या कक्षात किमान ९५० अंश तापमान हवं आणि वायू तिथे किमान दोन सेकंद थांबायला हवा, कारण पीव्हीसीसारख्या क्लोरीनवाल्या प्लास्टिकमधून डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात. त्यांची मर्यादा एक घनमीटर वायूमागे ०.१ नॅनोग्रॅम आहे. धूळ, कार्बन मोनॉक्साइड यांचे आकडे फलकावर सतत दाखवता येतात. डायॉक्सिनचं तसं नसतं. त्याचा नमुना कित्येक तास धुराड्यातून ओढून घ्यावा लागतो आणि खास प्रयोगशाळेत तपासावा लागतो. मधल्या एखाद्या पावसाळी रात्री भट्टी थंड पडली, तर शिवारातल्या माणसाला ते कळणार कसं?

आता पैशाकडे येते. मैदानात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच झाला होता.

आपल्याच राज्यात बंगळुरूजवळ बिडदीला असा प्रकल्प आहे. रोज सहाशे टन कचरा, साडेअकरा मेगावॉट वीज आणि खर्च सुमारे २६० कोटी रुपये. म्हणजे रोजच्या एका टनामागे त्रेचाळीस लाखांची गुंतवणूक. बंगळुरूला ती पेलते की नाही, ते बंगळुरूने बघावं. आपण निपाणीचं बघू.

२०११ च्या जनगणनेत निपाणीची लोकसंख्या त्रेसष्ट हजारांच्या आसपास होती. आज पंचाहत्तर हजार धरा आणि माणशी रोज साडेतीनशे ग्रॅम कचरा धरा. सव्वीस टन होतात. त्यातला निम्मा, तेरा टन, ओला: भाजीची देठं, शिळं अन्न, बाजारातला पाला. माती, गाळ आणि बांधकामाचा चुरा पाच टन धरू. भंगारवाला विकत घेईल असा पुठ्ठा, बाटल्या, पत्रा चार टन. मग जाळण्यासाठी खरोखर काय उरलं? चार टन. ही माझी ढोबळ वाटणी आहे, एखाद-दुसरा टन इकडेतिकडे होईल. पण चारचे चाळीससुद्धा होणार नाहीत, आणि भट्टीला शेकड्यांनी टन लागतात.

म्हणजे दोनच मार्ग राहतात. पहिला, चिकोडी, संकेश्वर, गोकाक, थेट बेळगाव इथून कचरा ट्रकांनी आणायचा. बेळगावचा कचरा वेंगुर्ला रस्त्यावरच्या तुरमुरीला जातो, आणि दुसऱ्या गावाचा कचरा आपल्या शिवाराशेजारी येणं म्हणजे काय, हे तुरमुरीकरांना विचारावं. दुसरा मार्ग, कचरा वेगळा करायचाच नाही, सगळा मिसळून भट्टीत लोटायचा. कारण भट्टीला जे हवं असतं, कोरडा कागद आणि प्लास्टिक, तेच भंगारवाल्यालाही हवं असतं. आपण जितका कचरा नीट वेगळा करू, तितकी भट्टी उपाशी राहील. आणि अशा करारांत नगरपालिकेने रोज ठरावीक टन कचरा पुरवायचा, अशी अट सहसा असते. कमी पडला तर भरपाई पालिकेची. करार वीस-पंचवीस वर्षांचा. घरोघरी ओला-सुका वेगळा करा म्हणून सांगणारी पालिकाच मग सुका कचरा जास्त द्या म्हणायला लागेल.

विजेच्या दराचंही एक वाक्य सांगते. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ साली कचऱ्याच्या विजेचा दर युनिटला सात रुपयांच्या वर ठरवला होता, आणि गेल्या काही वर्षांत सौर विजेचे लिलाव अडीच रुपयांच्या आसपास झाले आहेत. सूर्य रात्री नसतो, म्हणून ही तुलना अगदी बरोबरीची नाही. तरी मधला फरक शेवटी हेस्कॉमच्या बिलात, म्हणजे तुमच्या-माझ्या घरीच येतो.

"मग कचऱ्याचं करायचं काय?" असं मित्राने शेवटी विचारलं, आणि तो प्रश्न रास्त होता.

तेरा टन ओला कचरा जाळायचा नाही, कुजवायचा. वेगळा आला, तर लांब ढिगांत ठेवून दर आठवड्याला उलटला की दीड-दोन महिन्यांत खत होतं. चाचणी सोपी आहे: ढिगात हात घातला तर आठवड्याभरात चटका बसायला हवा. गार लागला तर पाणी जास्त किंवा हवा कमी, आणि कुजकट वास आला तर उलटायला उशीर झाला. ऊस आणि तंबाखू पिकवणाऱ्या तालुक्यात खताला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, पण एक अट आहे. त्यात काच आणि प्लास्टिकचे तुकडे असतील तर शेतकरी दुसऱ्यांदा घेणार नाही. गॅसही करता येतो. इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प ५५० टन ओल्या कचऱ्यातून रोज सतरा टन शुद्ध केलेला बायोगॅस देतो, खर्च दीडशे कोटी. टनामागे सत्तावीस लाख. त्याच प्रमाणात आपल्या तेरा टनांतून रोज चारशे किलो गॅस, म्हणजे घरगुती अठ्ठावीस सिलिंडर. पण इतक्या छोट्या प्रमाणावर गॅस शुद्ध करण्याचं यंत्र परवडत नाही, म्हणून माझा कल खताकडे आहे.

उरलेले चार टन, म्हणजे वेष्टनं, गुटख्याच्या पुड्या, चिंध्या, डायपर. त्यातली कोरडी वेष्टनं आणि चिंध्या दाबून सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतात, तिथे कच्चा माल चौदाशे अंशांच्या पुढे तापतो आणि राख सिमेंटमध्येच मुरते. गोकाक भागात यादवाडला सिमेंट कारखाना आहेच. २०१६ च्या नियमांत अशा इंधनाच्या केंद्रापासून शंभर किलोमीटरच्या आतल्या उद्योगांनी आपल्या इंधनाचा पाच टक्के भाग त्यातून भागवावा, असं म्हटलं होतं. मात्र पीव्हीसी आणि ओलावा सिमेंटवाल्यालाही चालत नाही, म्हणजे वेगळं करण्यापासून सुटका इथेही नाही. डायपरची सोय वेगळीच करावी लागेल.

हे जमतं का? बेळगावहून निघणारा तोच रस्ता शिनोळी ओलांडून जिथे संपतो, त्या वेंगुर्ल्यात जमलं. बारा-तेरा हजार वस्तीची नगरपालिका. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे घरातच कचरा वेगळा व्हायला लागला, ओल्यापासून बायोगॅस, वाळलेल्या पाल्यापासून कांडी कोळसा, प्लास्टिकचा चुरा डांबरात. जुन्या कचरा डेपोवर लोक फिरायला येऊ लागले. लहान गाव म्हणून जमलं, असं आमचा मित्र म्हणाला. खरं आहे. निपाणी त्याच्या सहापट आहे, म्हणून वॉर्डावॉर्डात पाच-सहा छोटी केंद्रं लागतील, एक मोठं नाही.

प्रकल्पाचा प्रस्ताव आलाच, तर पालिकेकडे दोन कागद मागावेत. एक, आपल्याच गाड्यांतून जुलै-ऑगस्टमध्ये घेतलेल्या कचऱ्याच्या नमुन्यांचा उष्मांकाचा अहवाल, मेमधल्यांचा नव्हे. दुसरा, कराराच्या मसुद्यातलं ते पान, ज्यावर कचरा कमी पडला तर भरपाई कोण देणार हे लिहिलेलं असतं.

नमस्कार.