टीपीओंना कंपन्यांचे संपर्क मागणारा संदेश कसा लिहावा? विद्युत शाखेचे एक उदाहरण

नमस्कार मित्रांनो. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी तुम्ही अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात आहात, शाखा विद्युत आहे, आणि महाविद्यालयात येणारे बहुतेक ड्राइव्ह सॉफ्टवेअर कंपन्यांचे आहेत, असे समजा. अशा वेळी आपल्या शाखेत भरती करणाऱ्या कंपन्यांचे संपर्क टीपीओंकडे, म्हणजे प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे मागण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तो संदेश नेमका कसा लिहावा, एवढ्याच विषयावर आज बोलायचे आहे.

बहुतेक विद्यार्थी पाठवतात तो संदेश आधी पाहू.

(पडद्यावर संदेश)

«नमस्कार सर, इलेक्ट्रिकलसाठी कोअर कंपन्यांचे कॉन्टॅक्ट असतील तर प्लीज पाठवा. अर्जंट आहे.»

या संदेशाला उत्तर येत नाही, किंवा «बघतो» एवढेच येते. त्याचा राग येण्याआधी समोरच्या टेबलाची परिस्थिती समजून घ्यावी. ग्रामीण भागातील बऱ्याच महाविद्यालयांत टीपीओ हे पूर्णवेळ पद नसते. एखादे प्राध्यापक आपले तास, प्रात्यक्षिके आणि हिवाळी-उन्हाळी परीक्षांची कामे सांभाळून हा अतिरिक्त कार्यभार पाहतात. त्यांच्याकडे कंपन्यांची एक एक्सेल यादी असते. तीत कंपनीचे नाव, एचआरचे नाव, फोन, मेल, ती कंपनी मागच्या वेळी कधी आली आणि आपली किती मुले घेतली, अशा नोंदी असतात. ती यादी वर्षानुवर्षांच्या ओळखीतून उभी राहिलेली असते आणि त्यातले फोन क्रमांक विश्वासाने दिलेले असतात. एकाच एचआरला एका आठवड्यात चाळीस मुलांनी फोन केले, तर पुढच्या वर्षी ती कंपनी महाविद्यालयाचा फोन उचलत नाही. त्यामुळे सरसकट क्रमांक देणे टीपीओ टाळतात आणि ते योग्यच आहे.

म्हणून मागणीच बदलावी लागते. फोन क्रमांक मागण्याऐवजी, टीपीओंना दहा मिनिटांत करता येईल असे काम मागावे: मागील दोन-तीन वर्षांत आपल्या शाखेची मुले कोणत्या कंपन्यांनी घेतली त्यांची नावे सांगणे, आणि त्यांपैकी एक-दोघांकडे तुमचा अर्ज स्वतःच्या मेलवरून पुढे पाठवणे. महाविद्यालयाच्या अधिकृत मेलवरून आलेला अर्ज एचआर उघडून पाहण्याची शक्यता अनोळखी जीमेलवरून आलेल्या अर्जापेक्षा खूप जास्त असते. आपल्याला हवा तो खरा संपर्क हाच आहे.

आता शाखेकडे वळू. «विद्युत शाखा» एवढे लिहिल्याने टीपीओंना यादीतील कोणती ओळ पाहावी हे कळत नाही, कारण त्या शाखेत कामाचे प्रकार वेगवेगळे आहेत. बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीतील कारखान्यांत मेंटेनन्स विभागात काम असते. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, ताडाळी या पट्ट्यातील सिमेंट आणि पोलाद उद्योगांतही तसेच काम असते, मात्र तेथे पाळ्यांत काम करण्याची तयारी लागते. कंट्रोल पॅनेल तयार करणारी छोटी युनिट वेगळी, त्यांना ड्रॉइंग वाचणारी आणि वायरिंग तपासणारी मुले हवी असतात. तिसरा प्रकार म्हणजे उपकेंद्रे आणि सौर प्रकल्प उभारणारे कंत्राटदार. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आणि प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून गावोगावी सौर उभारणीची कामे निघाली आहेत, आणि या कंत्राटदारांना साइटवर थांबणारे अभियंते लागतात. माझ्या मते आपल्या भागातील विद्यार्थ्याने या तिसऱ्या प्रकाराकडे अधिक लक्ष द्यावे. शिवारातील रस्ते, शेतकऱ्यांशी बोलण्याची पद्धत आणि उन्हाळ्यातील काम या गोष्टी त्याला नव्याने शिकाव्या लागत नाहीत.

येथेच एक गोष्ट स्पष्ट करतो. महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती यांची अभियंत्यांची भरती जाहिरात आणि परीक्षेतून होते. तेथे टीपीओंचा कोणताही संपर्क उपयोगी पडत नाही, त्यामुळे ही नावे संदेशात लिहू नयेत. वेकोलिच्या अधिकारी पदांचेही तसेच आहे, कारण ती भरती कोल इंडियामार्फत होते. मात्र या संस्थांची कामे घेणारे खासगी कंत्राटदार असतात आणि त्यांच्याकडील भरती बहुधा ओळखीतून होते. टीपीओंना विचारायचेच असेल, तर त्या कंत्राटदारांविषयी विचारावे.

आता एक उदाहरण पूर्ण लिहून पाहू. यवतमाळ जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी आहे. अंतिम वर्ष, विद्युत शाखा, सहाव्या सत्रापर्यंत सीजीपीए ७.४, बॅकलॉग नाही. दहावी आणि बारावी दोन्हींत साठ टक्क्यांच्या वर. सौर पंपाच्या एका कंत्राटदाराकडे तिने उन्हाळ्यात चार आठवडे इंटर्नशिप केली आहे. तिचा संदेश असा असावा.

(पडद्यावर संदेश, विषयाच्या ओळीसह)

«विषय : विद्युत शाखा, अंतिम वर्ष – सौर व उपकेंद्र उभारणीतील कंपन्यांविषयी विनंती

आदरणीय सर,

मी अंतिम वर्ष, विद्युत शाखेची विद्यार्थिनी आहे. मला सौर प्रकल्प किंवा उपकेंद्र उभारणीत साइट अभियंता म्हणून काम करायचे आहे. कॅम्पसमधून मला अद्याप कोणतीही ऑफर मिळालेली नाही.

मागील तीन वर्षांत आपल्या शाखेतील विद्यार्थ्यांना या क्षेत्रातील ज्या कंपन्यांनी घेतले, त्यांपैकी दोन-तीन नावे आपण सांगू शकाल का? आपणास योग्य वाटल्यास खालील परिच्छेद आणि सोबतचा बायोडाटा त्यांच्याकडे पाठवावा, ही विनंती. त्यांचा फोन क्रमांक मला दिला नाही तरी चालेल.

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीननंतर मी विभागातच असते. आपण सांगाल त्या वेळी भेटायला येईन.»

आणि त्याखाली, एक ओळ सोडून, पुढे पाठवायचा परिच्छेद.

«विद्युत अभियांत्रिकी, अंतिम वर्ष. सीजीपीए ७.४, बॅकलॉग नाही, दहावी व बारावीत साठ टक्क्यांहून अधिक. सौर कृषी पंपांच्या उभारणीवर चार आठवडे इंटर्नशिप : पॅनेल जोडणी, अर्थिंगची तपासणी आणि कंट्रोलरची चाचणी. विदर्भात कोठेही साइटवर राहण्याची तयारी. जूनपासून रुजू होऊ शकते.»

हा खालचा परिच्छेद प्रत्यक्षात इंग्रजीत लिहावा, कारण कंपन्यांचा पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीत चालतो. टीपीओंना तो एका बटणाने पुढे पाठवता आला पाहिजे, त्यांना एक अक्षरही बदलावे लागू नये. म्हणूनच त्यात «सर» नाही, विनंती नाही, आभार नाहीत.

संदेशातील काही वाक्ये का आहेत, ते सांगतो. «ऑफर मिळालेली नाही» हे लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण बऱ्याच महाविद्यालयांत एका विद्यार्थ्याला एकच नोकरी असा नियम असतो. तुमच्याकडे सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर असेल, तर ती लपवू नका. नियमानुसार तुमचे नाव पुढे पाठवता येते की नाही, हे टीपीओंना आधीच ठरवावे लागते, आणि नंतर उघड झाले तर त्यांचीच अडचण होते. गुणांची ओळ यासाठी की अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही टप्प्यांवर साठ टक्के मागतात. एखाद्या विषयात बॅकलॉग असेल, तर तो विषय आणि कोणत्या परीक्षेत सुटेल ते लिहावे. छोटे कंत्राटदार ते चालवून घेतात, मोठे कारखाने सहसा घेत नाहीत, आणि त्यानुसार टीपीओ नाव निवडतात. राहण्याच्या तयारीची ओळ विशेषतः मुलींनी जरूर लिहावी. «गावची मुलगी साइटवर थांबेल का» हा प्रश्न समोरचा विचारत नाही, पण मनात धरून अर्ज बाजूला ठेवतो. अर्थात, तयारी असेल तरच लिहावी.

इंटर्नशिपच्या ओळीत «अर्थिंगची तपासणी» असे आहे. ते लिहिले, तर मुलाखतीत अर्थ रेझिस्टन्स कशाने मोजला, किती आला, जास्त आल्यावर काय केले, हे विचारले जाणारच. ज्या कामाचे उत्तर देता येत नाही, ते त्या परिच्छेदात नसावे.

हा संदेश मेलनेच पाठवावा, म्हणजे तो पुढे जाऊ शकतो. व्हॉट्सॲपवर फक्त «सर, आज सकाळी आपल्याला मेल केला आहे, सवडीने पाहावा» एवढे लिहावे. सहाव्या सत्राची उन्हाळी परीक्षा संपल्यानंतर, सातवे सत्र सुरू होताना पाठवलेला संदेश सर्वांत उपयोगी ठरतो. आठव्या सत्राच्या शेवटी अनेकजण एकदम जागे होतात, तेव्हा टीपीओंकडे तशाच मेलची रांग लागलेली असते.

आठवड्याभरात उत्तर आले नाही, तर त्याच मेलच्या उत्तरात दोन ओळी लिहून एकदा आठवण द्यावी आणि मग प्रत्यक्ष भेटावे. भेटीत एक वेगळा प्रश्न विचारता येतो: मागच्या वर्षांतील औद्योगिक भेटी कोणत्या कारखान्यांत झाल्या, आणि आपले कोणते माजी विद्यार्थी अशा कंपन्यांत आहेत? लहान महाविद्यालयात एचआरपेक्षा माजी विद्यार्थ्याची ओळख बरेचदा लवकर कामी येते, कारण मेंटेनन्समध्ये जागा रिकामी होणार आहे हे त्याला जाहिरातीच्या आधी कळते.

कधी टीपीओ सरळ सांगतात की या क्षेत्रातील एकही कंपनी आपल्याकडे येत नाही. तसे असेल, तर मागणी पुन्हा बदलावी. तुम्ही स्वतः शोधलेल्या दोन कंपन्यांची नावे घेऊन जा आणि महाविद्यालयाच्या लेटरहेडवर इंटर्नशिपसाठी पत्र मागा. ते पत्र देणे टीपीओंच्या अधिकारात असते. त्याचबरोबर पदवी आणि पदविकाधारकांच्या शिकाऊ उमेदवारीसाठी केंद्र सरकारच्या nats.education.gov.in या पोर्टलवर नोंदणी करावी. हे प्रशिक्षण साधारण एक वर्षाचे असते आणि त्यात विद्यावेतन मिळते. कायम नोकरीची हमी त्यात नाही, पण ज्या सरकारी कंपन्यांत टीपीओंची ओळख चालत नाही, त्यांच्याही शिकाऊ उमेदवारांच्या जाहिराती तेथे निघतात.

आणि टीपीओंनी विश्वासाने एखादा क्रमांक दिलाच, तर तो वर्गाच्या ग्रुपवर टाकू नये. पहिला फोन कार्यालयीन वेळेत करावा, महाविद्यालयाचे आणि टीपीओंचे नाव आधी सांगावे. बोलणे झाले की त्याच दिवशी टीपीओंना मेलने कळवावे: कोणाशी बोललो, त्यांनी काय मागितले, मुलाखत कधी आहे, किंवा सध्या जागा नाही असे सांगितले. नकारही कळवावा, कारण त्यावरून टीपीओ आपल्या यादीत त्या कंपनीपुढे नोंद करतात आणि पुढच्या विद्यार्थ्याला चुकीच्या दारात पाठवत नाहीत.